उंटावरून शेळ्या: म्हणीने चिमटा काढावा, ओरखडा उठू नये

गणपतीच्या आधीच्या रविवारी आमच्या घरी माळा रिकामा होतो. चौरंग, मखराच्या पट्ट्या, समया, ताम्हण, वर्षभर कापडात गुंडाळून ठेवलेली पितळी भांडी, सगळं खाली येतं. त्या दिवशी वहिनी स्टुलावर उभी होती, आत्या खाली बसून चिंचेच्या कोळाने समई घासत होती आणि धाकटे काका सोफ्यावर आडवे होऊन सूचना देत होते. “ते खोकं नको, त्याच्यामागचं. अगं, पट्ट्या आधी काढ. समई उलटी धर म्हणजे कोपरे निघतात.” पाचव्या-सहाव्या सूचनेला आत्याने समईवरची नजर न काढता विचारलं, “काय रे, शेळ्या बऱ्या चालल्यात का उंटावरून?”

घरात हशा पिकला. काका म्हणाले, “अगं, कळपाला कुणीतरी दिशा दाखवायला नको का?” त्यावर स्टुलावरून वहिनी म्हणाली, “मग भाऊजी, उंट जरा इकडे आणून बसवा. हे वरचं खोकं घ्यायला हात कमी पडतायत.” काका उठले. “उंट बसायला वेळ लागतो हो वहिनी,” असं म्हणत त्यांनी खोकं धरलं, आणि मग जेवणाची वेळ होईपर्यंत ते पुन्हा सोफ्यावर गेले नाहीत.

हा प्रसंग उलगडून बघण्यासारखा आहे. आळशीपणाबद्दल टोकलं गेलं, चारचौघांत टोकलं गेलं, टोकलेल्या माणसाला ते नेमकं कळलं आणि तरीही कुणी दुखावलं नाही. हेच “तू नुसता लोळतोयस, उठून मदत कर” असं म्हटलं असतं, तर काका बहुधा उठले असते, पण तोंड पाडून. फरक नुसत्या सुरात नव्हता. म्हणींच्या आणि वाक्प्रचारांच्या घडणीतच असं काही असतं, की त्यांच्यातून थट्टा झेपते. ती घडण कळली की कुठली म्हण कुणाला चालेल आणि कुठली लागेल, याचा अंदाज बोलण्याआधीच येऊ लागतो.

कर्ता नसलेलं वाक्य

“नाचता येईना अंगण वाकडं” हे वाक्य व्याकरणाच्या अंगाने पाहा. कुणाला नाचता येईना? म्हणीत ते सांगितलेलंच नाही. “मला येत नाही”, “तुला येत नाही” असं म्हणताना जी जागा आपण भरतो, ती इथे रिकामी ठेवली आहे. ऐकणाऱ्याला वाटलं तर त्याने तिथे स्वतःला बसवावं, नाहीतर ते कुणातरी नर्तकाबद्दल आहे असं समजून पुढे जावं. “उथळ पाण्याला खळखळाट फार” यात माणूसच नाही, पाणी आहे. “सुंभ जळाला तरी पीळ जात नाही” यात दोर आहे. बढाईखोराला किंवा ताठ्यात असलेल्याला हे ऐकवलं, की पहिला मार पाण्याला आणि दोराला बसतो. माणसापर्यंत पोचेस्तोवर त्याची धार कमी झालेली असते.

जुनी भाषाही हेच काम करते. “येईना”, “देईल खाटल्यावरी”, “राव न करी” असं आज कुणी रोजच्या बोलण्यात म्हणत नाही. त्यामुळे म्हण उच्चारताच ऐकणाऱ्याला कळतं, की हे बोलणाऱ्याचे स्वतःचे शब्द नाहीत, हे आधीपासून चालत आलेलं आहे. त्यात “म्हणतात ना” जोडलं की बोलणारा आणखी एक पाऊल मागे सरकतो. मग यमक येतं. “असेल माझा हरी, तर देईल खाटल्यावरी” किंवा “आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास” यांत ताल आहे, आणि रागावलेला माणूस तालात बोलत नाही. यमक ऐकताच समोरच्याला कळतं की हा खेळ आहे.

आत्याने वापरलं ते “उंटावरून शेळ्या हाकणे”. काटेकोरपणे पाहिलं तर ही म्हण नाही, वाक्प्रचार आहे. म्हण हे पूर्ण वाक्य असतं, ती आहे तशी ठेवून देता येते. वाक्प्रचाराचं क्रियापद मात्र चालवावं लागतं, आणि ते चालवलं की कर्ता येतो. “तू उंटावरून शेळ्या हाकतोयस” असं म्हटलं की तो थेट आरोप होतो. म्हणून आत्याने तो प्रश्न केला आणि त्यात शेळ्यांची विचारपूस केली, काकांची नाही. वाक्प्रचाराने चिमटा काढायचा तर हे भान अधिक ठेवावं लागतं.

चित्र खरं असेल तर म्हण बोलू नये

आता मला जे सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते सांगतो. म्हणीतलं चित्र समोरच्या माणसाच्या आयुष्यात शब्दशः खरं असेल, तर ती म्हण चिमटा राहत नाही.

“घरात नाही दाणा, अन् मला बाजीराव म्हणा” ही बढाईवरची फार गमतीची म्हण आहे. महिनाअखेरीला नव्या मोबाइलच्या गप्पा मारणाऱ्या, चांगला पगार असलेल्या मित्राला ती ऐकवली तर तोही हसतो, कारण त्याच्या घरात दाणे आहेत हे दोघांनाही ठाऊक असतं. दाणा ही नुसती उपमा असते. पण ज्याच्या घरी खरोखरच ओढग्रस्त आहे आणि जो चार लोकांत आब राखायला धडपडतो आहे, त्याला तीच म्हण म्हणजे त्याच्या रिकाम्या डब्याचं झाकण सगळ्यांसमोर उघडणं. “नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा” हिचंही तसंच. कथील म्हणजे टिन. सोन्याचं नाव लावणाऱ्या बाईच्या हातात हलक्या धातूचा वाळा, हा विरोध मजेदार आहे. “शाही” पाटी लावून वातड रोटी देणाऱ्या हॉटेलला ती चपखल बसते. अडचणीत दागिने मोडावे लागलेल्या बाईच्या कानावर मात्र ती पडता कामा नये, मग बोलणं तिच्याबद्दल नसलं तरीही.

आळसाच्या म्हणींत हा धोका जास्त आहे, कारण बाहेरून आळस दिसतो तिथे आत दुसरंच काही असू शकतं. “असेल माझा हरी” ही परीक्षेच्या आदल्या रात्री क्रिकेट बघत बसलेल्या पोराला चालते. तो उठून पुस्तक उघडू शकतो, त्याच्या हातात आहे. सहा महिने नोकरी शोधून थकलेल्या मुलाला ती चालत नाही. तो खाटेवर दिसतो खरा, पण तो हरीच्या भरवशावर बसलेला नाही.

आमच्याच नात्यात एकदा हे घडलेलं मी पाहिलं आहे. काम सुटलेला एक तरुण पंगतीत दुसऱ्यांदा भात घेत होता आणि एका वडीलधाऱ्या माणसाने “खायला काळ, भुईला भार” असं पुटपुटून हसून घेतलं. ही म्हणही कर्त्याशिवाय आहे, तालात आहे, जुनी आहे. तरी तो मुलगा ताटावरून उठला, आणि नंतर त्या घरी जेवायला आला नाही. कारण ही म्हण त्याच्या वागण्याला हसत नाही, त्याच्या असण्यालाच हसते. नाचता येत नसेल तर अंगणाला नावं ठेवणं सोडता येतं. उंटावरून उतरता येतं. भुईला भार असलेल्या माणसाने काय करायचं? त्या म्हणीत त्याला जायला वाटच ठेवलेली नाही.

म्हणून म्हण निवडताना मी दोनच गोष्टी बघतो. चित्र शब्दशः खरं नाही ना? आणि त्या चित्रातून माणसाला बाहेर पडता येतं ना? रोजच्या वापरातल्या कितीतरी म्हणी इथेच गळतात. “नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं” म्हणताना हसं होतं ते नाकाचं आणि लांबलेल्या लग्नाचं, आणि दोन्ही त्या मुलीच्या हातात नाहीत. “आंधळं दळतं, कुत्रं पीठ खातं” यात अंधत्वाची थट्टा आहे. बढाईसाठी “मियाँ मूठभर, दाढी हातभर” सर्रास म्हटलं जातं. पण तिथे हसू बढाईवरून सरकून एका समाजावर जातं. तेच सांगायला “चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला” आहे, “बेडूक कितीही फुगला तरी बैल होत नाही” आहे. मराठीत पर्यायांची वाण नाही. “रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी” ही मला चित्र म्हणून फार आवडते. पूर्वी न्हावी तुंबडी लावून रक्त काढत असे, आणि गिऱ्हाईक नसलं की हा गडी भिंतीलाच तुंबडी लावतो. वेळ जात नाही म्हणून निरर्थक उद्योग करणाऱ्याचं याहून नेमकं वर्णन मला माहीत नाही. पण त्यात जातीच्या धंद्याचं नाव आहे, त्यामुळे ऐकणारे कोण आहेत याचा विचार न करता ती तोंडातून काढू नये.

आणखी एक प्रकार वेगळा काढायला हवा. “गर्वाचं घर खाली” ही म्हण गर्वाबद्दलच आहे, तरी ती चिमट्याच्या कामाची नाही. तिच्यात बघण्यासारखं, हसण्यासारखं चित्र नाही आणि समोरच्याचं घर खाली येईल असं भाकीत आहे. लहान तोंडून ती शापासारखी लागते, मोठ्या तोंडून उपदेशासारखी. “बडा घर पोकळ वासा” हिच्यात चित्र आहे, वासा म्हणजे छप्पर पेलणारं लाकूड आणि तेच पोकळ. पण ती एका माणसावर न थांबता घराण्यावर जाते. व्याह्यांच्या कानावर पडली तर निस्तरायला पिढी पुरत नाही.

कुणी कुणाला

मराठी घरात थट्टेची नाती ठरलेली आहेत. दीर-भावजय, मेहुणे, आजी-नातवंडं यांच्यात बरंच चालतं. वहिनी काकांना “उंट बसवा” म्हणू शकली ती या हक्काने. आत्या त्यांची मोठी बहीण, तिचा हक्क वेगळा पण पक्का. मी पुतण्या. तेच वाक्य माझ्या तोंडून आगाऊपणा ठरलं असतं.

खालून वर बोलायचं असेल तर मराठीने एक छान सोय केली आहे. आपल्याकडे “आम्ही” आणि “आपण” असे दोन शब्द आहेत, आणि “आपण” मध्ये ऐकणाराही येतो. “काका, आपलं आज असेल माझा हरी चाललंय, नाही का? मी पण मघापासून नुसता खोकी मोजतोय.” असं म्हटलं की मी काकांच्या शेजारी त्याच खाटल्यावर बसतो आणि तिथून दोघांना उठवतो. म्हण तीच, पण आता ती दोघांवर आहे. ऑफिसात वरिष्ठांसमोरही हाच मार्ग टिकतो. “साहेब, आपला सगळ्यांचा रिपोर्ट म्हणजे वरातीमागून घोडं होणार असं दिसतंय” यातला “आपला” नीट कानावर पडला पाहिजे.

लेकी बोले सुने लागे हा जुना मार्गही आहे. लेकीला बोलायचं आणि सुनेने समजून घ्यायचं. बढाई मारणाऱ्या पाहुण्यासमोर आपल्याच मुलाला “अरे, उथळ पाण्याला खळखळाट फार” म्हणायचं. मला हा मार्ग फारसा पसंत नाही. लेक फुकट बोलणी खाते, आणि सुनेला उत्तर देण्याची सोय उरत नाही, कारण तिला कुणी काही म्हटलेलंच नसतं. तिने चेहरा पाडला तर वर “खाई त्याला खवखवे” हे तयारच असतं. अळू किंवा सुरण नीट शिजलं नसेल तर ते खाणाऱ्याचा घसा खवखवतो. तसं ज्याच्या मनाला लागलं तोच दोषी, असा या म्हणीचा अर्थ. ती ऐकवली की माणूस कोंडीत सापडतो. बोलला तरी दोषी, गप्प राहिला तरी आतून जळत बसतो. थट्टेत उलट वार करायची मुभा दोन्हीकडे हवी. ती जिथे नाही तिथे मी थट्टा म्हणत नाही.

पुरणपोळीचा प्रसंग

आळसापेक्षा बढाईला उत्तर देणं अवघड असतं. आळशी माणूस निवांत असतो, त्याला धक्का चालतो. बढाई मारणारा मात्र त्या क्षणी कौतुकाची वाट बघत असतो, आणि तिथे टाचणी लावली की हवा जोरात जाते. म्हणून दोन जावांमधला एक संवाद इथे सविस्तर देतो.

धाकटी जाऊ सांगत होती, “माझी पुरणपोळी इतकी पातळ होते की खालचं वर्तमानपत्र वाचता येतं.” हे तिसऱ्यांदा झालं. थोरली जाऊ “उथळ पाण्याला” म्हणू शकली असती. दगडगोट्यांवरून वाहणारा ओहोळ आवाज करतो आणि डोह गप्प असतो, हे नदीकाठच्या कुणालाही ठाऊक आहे. म्हण अगदी बरोबर बसली असती, पण मग धाकटीला दोनच वाटा उरल्या असत्या, चिडणं किंवा गप्प बसणं. थोरलीने वेगळी म्हण काढली. “हातच्या कांकणाला आरसा कशाला? होळी आलीच आहे, ये की लाटायला.” या म्हणीत खोटेपणाचा आरोप नाही. कांकण हातातच आहे, ते बघायला आरसा लागत नाही, एवढंच ती सांगते. बढाई खरी असेल तर दिसेल, खोटी असेल तर तेही दिसेल. “घोडा मैदान जवळच आहे” हेही असंच काम करतं. अशा म्हणी बढाई फोडत नाहीत, तिला कामाला लावतात.

होळीला धाकटी आली. पहिली पोळी तव्यावर टाकताना फाटली आणि पुरण तव्याला लागून जळलं. ती म्हणाली, “कणीक सैल भिजलीय.” कणीक थोरलीने भिजवली होती. आता “नाचता येईना अंगण वाकडं” हे ठरलेलंच. पण या म्हणीला एक शेपूट आहे, जे हल्ली कमी ऐकू येतं: “रांधता येईना ओली लाकडं.” थोरली तेवढंच म्हणाली, तेही अर्धं. “लाकडं ओली आहेत का गं?” घरात गॅस होता. धाकटीला आधी कळलं नाही, मग कळलं आणि ती इतकी हसली की लाटणं खाली ठेवावं लागलं.

इथे बारीकसारीक गोष्टी बऱ्याच आहेत. म्हण स्वयंपाकघरातली आणि प्रसंगही स्वयंपाकघरातला. म्हण अर्धीच टाकली, उरलेली ऐकणारीने स्वतः जुळवली. अर्धी म्हण ऐकणाऱ्याला कामाला लावते, आणि जे आपण स्वतः जुळवलं त्यावर चिडणं कठीण जातं. गॅसच्या शेगडीसमोर ओल्या लाकडांची चौकशी केल्यामुळे चित्र शब्दशः खरं असण्याचा प्रश्नच उरला नाही. आणि थोरली थांबली. तिने “म्हणजे काय, की तुला लाटता येत नाही आणि कणकेला नावं ठेवतेस” असा अर्थ सांगितला नाही. म्हणीचा अर्थ उलगडून सांगायला गेलं की रिकामी ठेवलेली कर्त्याची जागा भरली जाते, आणि तिथे “तू” येऊन बसतो. एकच म्हण त्याच दिवशी दुसऱ्यांदा काढली तरी तेच होतं. पहिल्यांदा ती प्रसंगावर असते, दुसऱ्यांदा माणसावर.

मग थोरलीने स्वतः एक पोळी लाटून तिच्या हातात लाटणं परत दिलं आणि म्हणाली, “कडा आधी दाब, मध्ये शेवटी ये.” वहिनीने काकांना खोकं धरायला सांगितलं होतं तसंच हे. चिमट्यानंतर लगेच हातात काहीतरी करायला दिलं, की माणूस त्या चित्रातून उतरून पुन्हा आपल्यात येतो. मी पाहिलेल्या चांगल्या उत्तरांमध्ये हे जवळजवळ नेहमी असतं.

लागलं की नाही, हे कसं ओळखावं

हसण्यावर विश्वास ठेवू नये. दुखावलेली माणसंही हसतात. उत्तर कशाच्या भाषेत येतं ते ऐकावं. काकांनी “कळपाला दिशा” असं म्हणून तेच चित्र पुढे नेलं. चित्राला चित्राने उत्तर आलं म्हणजे खेळ चालू आहे. पण समोरचा कारणं देऊ लागला, “काल रात्री ११ वाजेपर्यंत मी गाडी चालवत होतो, पाठ धरलीय,” तर समजावं की म्हण चित्रातून आरपार गेली आणि त्याला लागली. तिथे आणखी एक म्हण टाकून हशा वाढवायचा मोह होतो, कारण बाकीचे हसत असतात. तो आवरावा आणि साधं गद्य बोलावं. “अरे, मला माहीत नव्हतं. पड तू, मी घेते खोकं.”

दुसरी खूण म्हणजे बचावाच्या म्हणी. “जावे त्याच्या वंशा, तेव्हा कळे” असं उत्तर आलं, तर त्यातून समोरचा आपली अडचण सांगतो आहे. “हसतील त्याचे दात दिसतील” आलं, तर तो दुखावला आहे पण सावरून उभा आहे. हे दोन्ही थांबायचे इशारे आहेत. याउलट तिसऱ्या कुणी “शेरास सव्वाशेर!” म्हटलं, तर उत्तर देणारा वरचढ ठरला असं पंचांनी जाहीर केल्यासारखं होतं, आणि सगळे आपापल्या कामाला लागतात.

व्हॉट्सअॅपवर यातलं बरंचसं चालत नाही. तिथे समईवर खिळलेली नजर दिसत नाही, सूर ऐकू येत नाही, आणि पुढे धरायला खोकं नसतं. शिवाय बोललेली म्हण विरते, लिहिलेली तशीच राहते, आणि चार दिवसांनी कुणी वर सरकवून वाचली की प्रसंग गळून पडून फक्त टोमणा उरतो. कुटुंबाच्या ग्रुपवर म्हण टाकायचीच असेल तर ती एखाद्या वस्तूवर टाकावी: न लागणाऱ्या टीव्हीवर, महागड्या पण गळणाऱ्या कुकरवर.

अर्थ उलटे धरले जातात तेव्हा

नेम धरायचा तर बाण कुठे जातो ते माहीत हवं. आळसाच्या दोन म्हणी आज सर्रास चुकीच्या अर्थाने ऐकू येतात.

“आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास” हिच्यातला उल्हास उपरोधाने आलेला आहे. मुळातच कामाचा कंटाळा, त्यात फाल्गुन म्हणजे शिमगा, सणाची सुट्टी, चढतं ऊन. न करायला आणखी एक निमित्त. हल्ली काही जण ती उत्साही माणसाला कौतुकाने लावतात, “आधीच उल्हास, त्यात पिकनिक!” ज्याला मूळ अर्थ माहीत आहे त्याला ते आळशी म्हटल्यासारखं लागतं, आणि बोलणाऱ्याला आपण काय बोललो याचा पत्ता नसतो.

“बैल गेला अन् झोपा केला” यात झोप कुठेच नाही. झोपा म्हणजे गोठ्याचं काट्याकुट्यांचं, झापाचं दार. बैल निघून गेल्यावर दार बसवलं, असा तिचा अर्थ. वेळेत हालचाल न करणाऱ्याला ती लागू आहे, झोपाळू माणसाला नाही. मुदत संपल्यावर फॉर्म भरायला बसलेल्या भाच्याला ती बरोबर बसते, दुपारी डुलकी काढणाऱ्या आजोबांना नाही.

दिरंगाईवर माझी सर्वांत आवडती म्हण मात्र वेगळी आहे: “दिवस गेला रेटारेटी, चांदण्यात कापूस वेची.” दिवसभर टंगळमंगळ आणि रात्री चांदण्यात शेतात वाकून कापूस वेचणं. हिच्यात त्या माणसाला आळशी म्हटलेलं नाही, तो काम करतोच आहे, फक्त भलत्या वेळी. चित्रही देखणं आहे, टिपूर चांदणं आणि पांढरी बोंडं. त्या रविवारी रात्री साडेदहाला काका मखराच्या पट्ट्या जोडत बसले होते. आत्या पाणी प्यायला उठली, दारात थांबली आणि म्हणाली, “चांदणं बरं पडलंय का रे?” काकांनी मान वर न करता उत्तर दिलं, “कापूस संपतोय. तू दिवा लाव, ती शेवटची पट्टी सापडत नाहीये.” आत्याने दिवा लावला आणि तीही पट्ट्या शोधायला बसली.